ठेवीवरचे व्याज आणि महागाई : बचतीचा वास्तव परतावा कसा मोजावा

मुदत ठेव परिपक्व होते, हाती भरलेल्या रकमेपेक्षा मोठी रक्कम पडते आणि आपण समाधानाने ती पुढच्या मुदतीसाठी पुन्हा गुंतवतो. त्या मधल्या काळात वस्तूंच्या किमती किती वाढल्या याची नोंद ठेवीच्या पावतीवर कुठेच नसते, कारण ती नोंद ठेवणे हे बँकेचे काम नव्हे. ते काम ठेवीदाराचे आहे, आणि बहुतेक जण ते करत नाहीत. वास्तविक त्यासाठी लागते ती केवळ दोन भागाकारांची आकडेमोड. हा लेख एका पाच वर्षांच्या ठेवीचा हिशेब सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडून ती आकडेमोड कशी करायची ते दाखवतो. आकडे कोणत्याही चलनात तसेच्या तसे लागू पडतील, म्हणून रकमेपुढे चलनाचे नाव लिहिलेले नाही.

आधी दोन शब्द पक्के करून घेऊ. ठेवीवर जे व्याज जाहीर होते आणि खात्यात जमा होते, तो दर्शनी परतावा. त्या मुदतीतील किमतींची वाढ काढून टाकल्यावर आपल्या खरेदीशक्तीत जी वाढ किंवा घट उरते, तो वास्तव परतावा. या दोहोंमधला फरक अमेरिकन अर्थतज्ज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी १८९६ मध्ये काटेकोरपणे मांडला. पुढे १९२० च्या दशकात त्यांनी 'चलनभ्रम' ही कल्पना लोकांपुढे ठेवली. एखादी रक्कम आकड्याने तेवढीच राहिली म्हणजे तिचे मोलही तेवढेच राहिले असे मनाने गृहीत धरणे, हा तो भ्रम. ठेव मोठी होताना दिसते तेव्हा हा भ्रम आणखी घट्ट होतो, कारण खात्यातला आकडा एकदाही खाली आलेला नसतो.

पहिली पायरी : हाती खरोखर किती आले ते लिहा

समजा, १,००,००० एवढी रक्कम पाच वर्षांसाठी वार्षिक ६ टक्के दराने ठेवली आणि व्याज दरवर्षी मुद्दलात मिळत गेले. चक्रवाढीने पाच वर्षांनंतर ही रक्कम १,३३,८२३ होते. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि ३३,८२३ हा आपला नफा समजतात.

परंतु व्याजावर कर लागू असेल, तर हा आकडा हाती आलेला नाही. कराचा दर २० टक्के धरला आणि तो दरवर्षी त्या वर्षाच्या व्याजातूनच भरला गेला असे मानले, तर सहा टक्क्यांपैकी आपल्याकडे ४.८ टक्के उरतात. पाच वर्षांची चक्रवाढ या ४.८ टक्क्यांनी करायची आणि ती येते १,२६,४१७. कर व्याजातून कापला न जाता आपण तो पगारातून किंवा दुसऱ्या खात्यातून भरत असू, तर ठेवीच्या पावतीवर मोठाच आकडा दिसतो. अशा वेळी कर हा या ठेवीचाच खर्च आहे हे विसरले जाते. म्हणून पावतीवरचा नव्हे, तर कर वजा केल्यावरचा आकडा लिहावा. आपल्याला लागू असलेला कर वेगळा असेल किंवा नसेलच, तर इथे आपला दर घालावा. बाकी रीत तीच राहते.

दुसरी पायरी : त्याच मुदतीतील किमतींची वाढ काढा

इथे नवख्या माणसाची पहिली चूक होते. तो बातमीत ऐकलेला महागाईचा दर उचलतो आणि व्याजदराशेजारी ठेवतो. बातमीतला दर हा बहुधा गेल्या बारा महिन्यांचा असतो, तर आपली ठेव पाच वर्षांची. त्यामुळे दर न घेता निर्देशांक घ्यावा.

ग्राहक किंमत निर्देशांक म्हणजे वस्तू आणि सेवांच्या एका ठरावीक टोपलीचा खर्च. एक आधारवर्ष निवडून त्या वर्षीचा खर्च १०० मानला जातो आणि पुढचे सर्व महिने त्याच्या तुलनेत मांडले जातात. देशोदेशींच्या सांख्यिकी संस्था तो सहसा दरमहा प्रसिद्ध करतात. आपल्याला त्यातले दोनच आकडे हवेत : ठेव ठेवली त्या महिन्याचा आणि ती परिपक्व झाली त्या महिन्याचा. समजा, पहिला आकडा १६० आणि दुसरा २०८ आहे. २०८ ला १६० ने भागले की १.३ येतात. म्हणजे ज्या टोपलीला सुरुवातीला १०० लागत होते, तिला आता १३० लागतात. पाच वर्षांत किमती ३० टक्क्यांनी चढल्या आणि याचा वार्षिक चक्रवाढ दर सुमारे ५.४ टक्के पडतो.

दोन निर्देशांक घेण्याचा फायदा असा की मधल्या वर्षांत महागाई कधी चढली, कधी उतरली, याच्याशी आपल्याला कर्तव्य राहत नाही. पाच वर्षांचे पाच दर जमवून त्यांची नुसती बेरीज केली, तर चक्रवाढ सुटते आणि महागाई खरी होती त्यापेक्षा कमी दिसते. दरवर्षी ५.४ टक्के असे पाचदा मिळवले की २७ येतात, प्रत्यक्षात वाढ ३० ची आहे.

महागाईचा दर उतरणे म्हणजे किमती उतरणे नव्हे, हेही इथेच ध्यानात घ्यावे. निर्देशांक १०० वरून ११० आणि पुढच्या वर्षी ११३ झाला, तर महागाई १० टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आली असे जाहीर होईल आणि ते बरोबरही असेल. पण आधी चढलेले दहा अंक कुठेही गेलेले नाहीत. ज्याची ठेव त्या पहिल्या वर्षी ४ टक्के कमवत होती, त्याचे नुकसान दुसऱ्या वर्षीच्या चांगल्या बातमीने भरून निघत नाही.

या पायरीवर आणखी एक खड्डा आहे आणि तो बऱ्याचदा कसलेल्या माणसालाही चकवतो. सांख्यिकी संस्था काही वर्षांनी टोपली आणि आधारवर्ष बदलतात व नवी मालिका पुन्हा १०० पासून सुरू करतात. समजा, आपल्या मुदतीत असा बदल झाला आणि परिपक्वतेच्या महिन्याचा नव्या मालिकेतला आकडा १३० आहे. १३० ला १६० ने भागणाऱ्याला किमती १९ टक्क्यांनी उतरल्याचे दिसेल. असा चमत्कारिक निष्कर्ष निघाला की समजावे, दोन वेगळ्या मालिकांचे आकडे एकमेकांत मिसळले आहेत. उपाय असा : ज्या महिन्यासाठी जुना आणि नवा असे दोन्ही आकडे उपलब्ध आहेत तो महिना घ्यावा. तेव्हा जुना आकडा १९२ आणि नवा १२० असेल, तर १९२ भागिले १२० म्हणजे १.६ हा जोडगुणक झाला. नव्या मालिकेतील १३० ला १.६ ने गुणले की २०८ येतात आणि साखळी पुन्हा जुळते. संस्था बहुतेक वेळा हा जोडगुणक स्वतःच देतात. तो मिळत असेल तर तोच वापरावा.

तिसरी पायरी : वजा करू नका, भागा

आता हाती दोन गुणक आहेत. आपली रक्कम १.२६४१७ पट झाली आणि किमती १.३ पट झाल्या. पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. गणनपत्रकात हे असे लिहिता येते :

```
=(126417/100000)/(208/160)-1
```

उत्तर येते उणे ०.०२७६, म्हणजे उणे २.७६ टक्के. सोप्या भाषेत सांगायचे तर परिपक्वतेला मिळालेल्या १,२६,४१७ मध्ये आज तेवढेच येते, जेवढे पाच वर्षांपूर्वी ९७,२४४ मध्ये आले असते. खात्यात २६,४१७ वाढले आणि तरीही ठेवीदार २,७५६ एवढ्या खरेदीशक्तीला मुकला. कोणत्याही दिवशी कोणताही आकडा घटलेला त्याने पाहिला नाही.

कर नसता तर? १.३३८२३ ला १.३ ने भागले की १.०२९४ येतात, म्हणजे पाच वर्षांत जवळजवळ ३ टक्के वास्तव वाढ. महागाईने परतावा पातळ केला आणि कराने त्याचे चिन्ह बदलले.

पुष्कळ जण भागाकाराऐवजी व्याजदरातून महागाईचा दर वजा करतात. बरीच वर्षे मीही तेच करत असे, आणि एका वर्षाच्या, लहान आकड्यांच्या हिशेबात त्याने फारसे बिघडतही नाही. ४ टक्के व्याज आणि ६ टक्के महागाई असेल, तर वजाबाकी उणे २ सांगते आणि भागाकार उणे १.८९. महागाई जसजशी मोठी होते, तसतशी ही वजाबाकी फसवू लागते : व्याज ४० आणि महागाई ५० टक्के असेल, तर वजाबाकीने तोटा १० टक्के दिसतो, खरा तोटा मात्र ६.७ टक्के असतो. कारण मिळालेले व्याजसुद्धा चढलेल्या किमतींनाच खर्च करायचे असते. मुदत मोठी असेल तेव्हा तर भागाकारच करावा.

कर नेमका कशावर बसतो

वरच्या उदाहरणात कराने पारडे फिरवले, ते योगायोगाने नव्हे. बहुतेक करव्यवस्था दर्शनी व्याजावर कर घेतात, वास्तव व्याजावर नाही. व्याजाचा जो भाग केवळ महागाईची भरपाई आहे, म्हणजे ज्याने आपण पूर्वी होतो तिथेच राहतो, त्यावरही कर बसतो. म्हणून महागाई वाढली आणि तिच्या बरोबरीने व्याजदरही वाढला, तरी ठेवीदार पूर्वीच्या जागी राहत नाही.

दोन वर्षे शेजारी ठेवून पाहू. पहिल्या वर्षी महागाई २ टक्के आणि व्याज ४ टक्के आहे. दुसऱ्या वर्षी महागाई ८ टक्के आणि व्याज १०.१ टक्के आहे. करापूर्वी दोन्ही वर्षांचा वास्तव परतावा जवळजवळ सारखाच, दोन टक्क्यांच्या किंचित खाली येतो. आता २० टक्के कर लावा. पहिल्या वर्षी ३.२ टक्के उरतात आणि वास्तव परतावा सुमारे १.२ टक्के येतो. दुसऱ्या वर्षी ८.०८ टक्के उरतात आणि वास्तव परतावा शून्याला येऊन टेकतो. दहा टक्के व्याज पाहून ज्याला हे वर्ष चांगले वाटले, त्याच्या पदरात काहीच पडलेले नाही.

यावरून ठेव ठेवण्यापूर्वी वापरता येईल असा एक सोपा उंबरठा काढता येतो. अपेक्षित महागाईला, शंभरातून कर गेल्यावर उरणाऱ्या हिश्श्याने भागायचे. महागाई ५.४ टक्के आणि कर २० टक्के असेल, तर ५.४ भागिले ०.८, म्हणजे ६.७५ टक्के. यापेक्षा कमी दराच्या ठेवीत खरेदीशक्ती झिजणार, हे ठेव ठेवतानाच कळते. अर्थात यात एक मर्यादा आहे : मागच्या काळातील महागाई मोजता येते, पुढची फक्त अंदाजता येते. म्हणून एकच अंदाज धरून न बसता, त्याहून एकदोन टक्के जास्त महागाई झाली तर काय होईल, तेही लिहून ठेवावे.

सगळे व्याज खर्च करणाऱ्याचा हिशेब

आतापर्यंतच्या उदाहरणात व्याज ठेवीतच राहिले होते. निवृत्तीनंतर पुष्कळांची रीत वेगळी असते : मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजावर घर चालवायचे. ही शिस्त ऐकायला निर्दोष वाटते. पण झीज सर्वांत जास्त इथेच होते आणि तिची जाणीव सर्वांत उशिरा होते.

तीच ठेव घेऊ. दरवर्षी कर जाऊन ४,८०० हाती येतात आणि ते खर्च होतात. पाच वर्षांनंतर १,००,००० मुद्दल जसेच्या तसे परत मिळते. पण किमती १.३ पट झालेल्या असल्याने त्याची खरेदीशक्ती सुरुवातीच्या ७६,९२३ इतकीच उरलेली असते. मुद्दलाला हात न लावता त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा खर्च झाला आहे. त्याच दराने ठेव पुन्हा ठेवली, तर वर्षाला पुन्हा ४,८०० च मिळतील आणि त्यांत पूर्वीच्या ३,६९२ एवढेच येईल. म्हणजे उत्पन्नही आटले आणि ते ज्यातून येते ती रक्कमही आटली.

हे टाळायचे तर व्याजाचे दोन भाग पाडावे लागतात. किमतींच्या वाढीएवढा भाग मुद्दलाची झीज भरून काढतो आणि त्यावर जे उरेल तेवढेच खरे उत्पन्न. आपल्या उदाहरणात पहिल्याच वर्षी मुद्दलाची खरेदीशक्ती टिकवायला सुमारे ५,४०० मागे ठेवायला हवे होते आणि हाती आले ४,८००. याचा अर्थ त्या ठेवीतून खर्च करण्याजोगे उत्पन्न शून्य होते. जे खर्च झाले ते मुद्दलच होते, फक्त त्याला व्याज असे नाव होते. कोणाला उतारवयात मुद्दल खर्चायचेच असेल तर त्यात गैर काही नाही, मात्र मग ते किती वर्षे पुरेल हा हिशेब मांडूनच खर्चावे.

ही झीज किती मोठी होऊ शकते हे पाहायला अमेरिकेतील १९८० हे वर्ष पुरेसे आहे. तिथे बँकांनी साध्या बचत खात्यांवर सव्वापाच टक्क्यांपेक्षा जास्त व्याज देऊ नये अशी सरकारी मर्यादा तेव्हा होती आणि त्या वर्षीची ग्राहक किमतींची सरासरी वाढ सुमारे साडेतेरा टक्के होती. १.०५२५ ला १.१३५ ने भागले की ०.९२७ येतात. म्हणजे कर भरण्याआधीच बचतीची सात टक्क्यांहून अधिक खरेदीशक्ती एका वर्षात गेली. ज्यांच्या हे लक्षात आले, त्यांनी पैसे बाजारदराने परतावा देणाऱ्या अल्पमुदतीच्या निधींकडे वळवले. त्याच वर्षी त्या व्याजमर्यादा टप्प्याटप्प्याने उठवण्याचा कायदाही झाला. खात्यात पैसे तसेच ठेवून राहिलेल्या माणसाच्या पुस्तकात मात्र त्या वर्षीही व्याज जमा झाल्याची नोंदच होती.

निर्देशांकाची टोपली आणि आपली टोपली

सरकारी निर्देशांक हा सरासरी कुटुंबाचा असतो. त्यात प्रत्येक गटाला, म्हणजे अन्न, घरभाडे, प्रवास, औषधोपचार, शिक्षण यांना, एक भारांक दिलेला असतो. ज्याच्या घरचा खर्च या भारांकांपेक्षा फार वेगळा आहे, त्याची महागाईही वेगळी असते. औषधोपचारावर जास्त खर्च करणाऱ्या वृद्ध दांपत्याला आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्या तरुणाला एकच आकडा सारखा लागू पडत नाही.

स्वतःची महागाई मोजायची तर सोपी वाटणारी वाट टाळावी. यंदाचा एकूण खर्च भागिले गेल्या वर्षीचा एकूण खर्च, असे करणारे अनेक असतात. पण त्या आकड्यात किमतींची वाढ आणि आपल्या राहणीतील बदल एकत्र मिसळलेले असतात. घरात एक माणूस वाढले किंवा प्रवास जास्त झाला, तर ती महागाई नव्हे. १८७१ मध्ये जर्मन अर्थतज्ज्ञ लास्पेयर यांनी सुचवलेली रीत इथे कामाला येते : सुरुवातीच्या वर्षी जे जेवढे घेतले, त्याच प्रमाणांची यादी कायम ठेवायची आणि त्याच यादीचा खर्च आजच्या किमतींनी पुन्हा मांडायचा. घरखर्चातल्या सर्वांत मोठ्या दहाबारा बाबी पुरतात. या रीतीचाही एक दोष आहे. एखादी वस्तू फार महागली की माणूस तिच्याऐवजी दुसरी घेतो. ही रीत ते पाहत नाही, म्हणून महागाई थोडी जास्त दाखवते. आपला आकडा सरकारी आकड्यापेक्षा अर्ध्या टक्क्याने इकडेतिकडे असेल, तर त्यावर फार वेळ घालवू नये. फरक दोन टक्क्यांचा असेल आणि तो सलग काही वर्षे टिकला, तर वरच्या सर्व भागाकारांत आपलाच आकडा घालावा.

जी झीज पत्करावीच लागते

हा हिशेब कळल्यावर कमी व्याजाच्या खात्यातले सगळे पैसे काढून घ्यावेत असे वाटू लागते. ती घाई चुकीची आहे. उणा वास्तव परतावा दरवेळी चुकीचाच नसतो. अडीअडचणीसाठी ठेवलेला पैसा मागाल त्या दिवशी, पूर्ण हाती यावा लागतो आणि या सोयीची किंमत म्हणून थोडी झीज सोसणे रास्त आहे. काही देशांची सरकारे निर्देशांकाशी जोडलेले रोखे देतात, ज्यात मुद्दलच किमतींबरोबर वाढते. ब्रिटनने ते १९८१ मध्ये आणि अमेरिकेने १९९७ मध्ये सुरू केले. पण मुदत संपण्यापूर्वी विकायचे झाले तर त्यांचाही बाजारभाव खाली असू शकतो, म्हणून उद्याच लागू शकेल अशा पैशाची जागा ते घेऊ शकत नाहीत.

फक्त ती झीज किती हे माहीत असावे आणि ती वेळोवेळी भरून काढावी. समजा, महिन्याचा खर्च ५०,००० असताना सहा महिन्यांचे ३,००,००० बचत खात्यात बाजूला ठेवले आणि कर जाऊन त्यावर वर्षाला २ टक्के मिळत राहिले. पाच वर्षांनंतर खात्यात ३,३१,२२४ दिसतील. किमती १.३ पट झाल्यामुळे महिन्याचा खर्च ६५,००० झालेला असेल आणि ही रक्कम सहा नव्हे, तर जेमतेम पाच महिने पुरेल. सहा महिन्यांसाठी आता ३,९०,००० लागतात, म्हणजे ५८,७७६ ची भर घालायला हवी. ही भर पाच वर्षांनी एकदम घालण्यापेक्षा दरवर्षी नवा निर्देशांक पाहून थोडी थोडी घालणे सोपे पडते : पहिल्या वर्षी किमती ५.४ टक्क्यांनी चढल्या आणि व्याज २ टक्के मिळाले, तर लागणारी रक्कम ३,१६,२०० आणि खात्यातली ३,०६,०००, म्हणून त्या वर्षीची भर १०,२००.